पीएफची तक्रार केल्यापासून नवऱ्याला सूतगिरणीत छळत आहेत. राजीनामा देऊन केस करावी का?

पळसफूल (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. माझे मिस्टर 11 वर्षांपासून तालुक्याजवळच्या सूतगिरणीत रिंग फ्रेमवर सायडर आहेत, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर तुटलेले धागे जोडतात. दर महिन्याला पगारातून पीएफचे 1560 रुपये कापतात. मे महिन्यात आमच्या पुतण्यानं मोबाईलवर पासबुक उघडून दाखवलं, तर 14 महिने काहीच जमा नव्हतं. म्हणजे आमचे 21,840 रुपये कापले गेले आणि मालकाचा हिस्सा तर वेगळाच. 3 जूनला पुतण्यानं पीएफ ऑफिसच्या EPFiGMS या तक्रारीच्या साइटवर तक्रार टाकून दिली.

19 जूनला पीएफ ऑफिसचं पत्र गिरणीत आलं असं टाइम ऑफिसच्या माणसानं सांगितलं. 21 जूनला यांना रिंग फ्रेमवरून काढून कचऱ्याच्या गोदामात टाकलं. तिथं रुईची धूळ इतकी असते की घरी आल्यावरही खोकला थांबत नाही. 24 जूनपासून सलग रात्रपाळी. बाकी सगळ्यांची पाळी दर आठवड्याला बदलते, यांची नाही. 2 आणि 3 जुलैला पंचिंग बंद करून ठेवलं, गेटवरून परत पाठवलं आणि मग गैरहजेरी लावली. 8 जुलैला मॅनेजरनं टाइप केलेला राजीनामा समोर ठेवला. सही कर, 40,000 देतो म्हणाला. यांनी सही केली नाही, पण माणूस खचला आहे. रोज म्हणतात, जाऊ दे, सोडून देतो.

पुतण्यानं एक व्हिडिओ दाखवला. त्यात सांगितलं की मालकानं काम करणं अशक्य केलं तर राजीनामा द्यायचा, आणि तो राजीनामा म्हणजे कामावरून काढल्यासारखाच धरतात. त्याला कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसल म्हणतात. हे खरं आहे का? तसं असेल तर उद्याच राजीनामा देऊन केस टाकतो.

पुण्यातला_वऱ्हाडी

वहिनी, मी पुण्यात एका कंपनीत एचआरमध्ये आहे, मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. व्हिडिओत सांगितलं ते बरोबर आहे. मालकानं कराराचा गाभाच मोडला, म्हणजे पगार कापला, हुद्दा खाली आणला, अपमान केला, तर कामगार राजीनामा देऊन म्हणू शकतो की मला काढलं गेलं. फक्त राजीनामा लगेच द्यावा लागतो. महिनोन्महिने गुपचूप काम करत राहिलात तर तुम्ही नवीन परिस्थिती मान्य केली असं धरतात. त्यामुळे उशीर करू नका. राजीनाम्यात कारण स्पष्ट लिहा.

कोर्टवारी

थांबा. पळसफूलताई, उद्या राजीनामा देऊ नका. परवाही नाही.

मी कामगार न्यायालयात वकिली करते. पुण्यातले भाऊ जे सांगत आहेत ते चूक नाही, पण ते ब्रिटनचं आहे. तिथं 1996 च्या रोजगार हक्क कायद्यातच लिहून ठेवलंय की मालकाच्या वागण्यामुळे कामगारानं नोकरी सोडली तर ते काढणंच. कराराचा गाभा मोडला का, ही कसोटी तिथल्या अपील कोर्टानं 1978 मध्ये घालून दिली आणि वेळेत राजीनामा देणं हा त्या दाव्याचा भागच आहे. व्हिडिओ करणाऱ्यांनी तेच मराठीत सांगितलं.

आपल्या कामगार कायद्यांत असा राजीनामा म्हणजे काढणं, असं एकही कलम नाही. कोर्ट मात्र राजीनामा खरोखर स्वतःच्या मनानं दिला होता का, हे तपासू शकतं. नसेल तर राजीनाम्याचा कागद बाजूला ठेवून ते मालकानं काढणंच होतं असं ठरवतं. फळ तेच, पण ओझं कोणाच्या डोक्यावर येतं ते बघा. मालकानं काढलं तर त्यानं कारण दाखवायचं, चौकशी दाखवायची. तुम्ही राजीनामा दिला तर मनाविरुद्ध दिला हे तुम्ही सिद्ध करायचं. आणि मालकाकडे तुमच्या सहीचा कागद असतो.

आज यजमान नोकरीत आहेत. ही तुमच्या हातातली सगळ्यात भारी गोष्ट आहे. ती स्वतःहून सोडून मग परत मिळवायला दहा वर्षं भांडायचं, असं कशाला?

पुण्यातला_वऱ्हाडी

मॅडम, पण भारतातही कोर्टानं जबरदस्तीचे राजीनामे रद्द केलेत. मध्य प्रदेशातल्या महिला न्यायाधीशांचं प्रकरण होतं ना?

कोर्टवारी

हो, आणि ते प्रकरण नीट वाचण्यासारखं आहे. त्या बाई ग्वाल्हेरला अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश होत्या. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींविरुद्ध त्यांची लैंगिक छळाची तक्रार होती. 2014 मध्ये मुदतीआधीच त्यांची बदली सीधीला झाली. मुलगी बारावीला. त्यांनी आठ महिने थांबू द्या म्हणून अर्ज केला, तो फेटाळला. मग मुलीच्या शिक्षणाची सोय असलेल्या दुसऱ्या शहरात तरी पाठवा म्हणून अर्ज केला, तोही फेटाळला. 15 जुलै 2014 ला राजीनामा दिला आणि दोन दिवसांत तो मंजूर झाला. 10 फेब्रुवारी 2022 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा राजीनामा स्वेच्छेचा म्हणता येत नाही, त्यांना परत घ्या. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई आपल्या अमरावतीचे.

त्यात शिकण्यासारखं हे. छळाचा आरोप चौकशी समितीपुढे सिद्ध झाला नव्हता. तरीही राजीनामा रद्द झाला, कारण बदली नियम सोडून केली होती आणि त्या बाईंनी राजीनाम्याआधी पर्याय मागणारे अर्ज लेखी केले होते. म्हणजे मूळ तक्रार सिद्ध होणं आणि राजीनामा मनाविरुद्धचा ठरणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्याही बाबतीत मालक उद्या म्हणेल की पीएफ फक्त उशिरा भरला, बुडवला नाही. म्हणू दे.

पण वर्षं मोजा. 2014 ते 2022. सेवा सलग धरली गेली, मधल्या काळाचा पगार मात्र मिळाला नाही. आणि त्या स्वतः न्यायाधीश होत्या. सूतगिरणीतल्या सायडरला मी हा रस्ता पहिला म्हणून कसा सांगू?

जुना_डॉफर

पळसफूलबाई, मी बी गिरणीतच जिंदगी काढली. डॉफरपासून सुरू केलं, मंग जॉबर झालो. माझी गोष्ट सांगतो, तिच्यातून जे घ्यायचं ते घ्या.

2009 साली आमी आठ जणांनी ओव्हरटाइमच्या पैशासाठी लेबर ऑफिसात अर्ज देल्ला. पंधरा दिवसांत मले दुसऱ्या जिल्ह्यातल्या जिनिंगवर बदली. लय लांब. लेकरं लहान, माय अंथरुणावर. मी म्हटलं जातच नाही, काय करतेत ते पायतो. आन घरी बसून रायलो. बस, तेच चुकलं माझं. त्यायनं घरच्या पत्त्यावर तीन पत्रं धाडली, तुमी विनापरवानगी गैरहजर आहा, कामावर या. मी एकाचं बी उत्तर देल्लं नाही. राग होता मनात. चौथ्या पत्रात लिवलं की तुमी स्वतःहून नोकरी सोडली असं समजून नाव कमी केलं.

मंग कोर्ट. माझ्या वकिलानं सुप्रीम कोर्टाचा निकाल लावला म्हणून वाचलो. पण साहेबानं मले पयला सवाल हाच केला, का बाबा, तीन पत्रं आली तवा तू काय केलं? माझ्यापाशी उत्तर नवतं. साडेपाच वर्सांनी तडजोड झाली, अर्ध्याहून कमी पैशात. नोकरी भेटली नाही.

भाऊला सांगा, घरी बसू नोको. गेटवर जा. हाकललं तं हाकललं, पण जा.

कोर्टवारी

काकांनी लाखमोलाचं सांगितलं. तो निकाल 1993 चा, डी. के. यादव विरुद्ध जे.एम.ए. इंडस्ट्रीज. आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर म्हणून स्थायी आदेशाचा, म्हणजे कारखान्याच्या नोकरीच्या नियमांचा, आधार घेऊन आपोआप नाव कमी केलं होतं. कोर्ट म्हणालं, चौकशी न करता आणि ऐकून न घेता असं करता येत नाही. परत घ्यायला लावलं आणि अर्धा मागचा पगार दिला.

छळ करणारा मालक बहुतेक वेळा दोनच दारं उघडी ठेवतो. एक राजीनाम्याचं, दुसरं घरी बसण्याचं. दोन्हीकडून कामगार स्वतःच गेला असं दिसतं. ताई, 2 आणि 3 जुलैला गेटवरून परत पाठवलं ते दुसरं दार होतं. त्या दिवशी यजमान गेटवर होते याचा काही पुरावा आहे का?

पळसफूल

गेटसमोर चहाची टपरी आहे, तिथं बसले होते. मला दोन्ही दिवस फोन केला होता. दुसऱ्या दिवशी टपरीवर फोनपेनं 20 रुपये दिले, त्याची नोंद आहे. एवढ्यानं काय होणार?

कोर्टवारी

पुष्कळ होतं. पाळीच्या वेळी माणूस गेटसमोर होता, घरी झोपलेला नव्हता, एवढं त्यातून दिसतं. पण टपरीची नोंद एकटी चालणार नाही, तिच्यासोबत कागद हवा. आजच मॅनेजरच्या नावे साधं पत्र लिहा. मी अमुक दिवशी अमुक पाळीला वेळेवर आलो, पंचिंग झालं नाही, गेटवर थांबवलं, मी कामाला तयार होतो आणि आहे, गैरहजेरी चुकीची लावली आहे ती दुरुस्त करावी. शिव्या नाहीत, कायद्याची कलमं नाहीत. स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा आणि पावती जपा.

8 तारखेबद्दल दुसरं पत्र. आपण टाइप केलेला राजीनामा सहीसाठी दिला, मी सही केलेली नाही, माझी नोकरी सोडण्याची इच्छा नाही. हे पत्र आज फार छोटं वाटेल. पण उद्या खोट्या सहीचा किंवा दबावाखाली घेतलेला राजीनामा बाहेर निघाला तर त्याच्या आधीच्या तारखेचं हे पत्र तुमच्या बाजूनं उभं राहील.

आणि एक विचारते. नोकरीला लागताना कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या होत्या का?

पळसफूल

हो. दोन कोऱ्या कागदांवर आणि एका स्टॅम्प पेपरवर. सगळ्यांच्याच घेतात.

कोर्टवारी

मग तेही त्याच पत्रात लिहा. साल, ठिकाण, कोणी घेतल्या. आणि दर आठवड्याला पीएफच्या साइटवर Service History उघडून बघा. मालकानं गुपचूप Date of Exit, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, टाकली तर तिथं दिसते. दिसली की स्क्रीनशॉट काढा आणि त्याच दिवशी हरकत पाठवा. मी असे दोन कामगार पाहिले आहेत ज्यांना आपण राजीनामा दिलाय हे तिथूनच कळलं.

खडूफळा

मी खाजगी अनुदानित शाळेत शिक्षक आहे, अकोला जिल्ह्यात. आमच्याकडेही हेच चाललंय. संस्थाचालकांविरुद्ध शिक्षणाधिकाऱ्यांकडे वेतनातून होणाऱ्या वसुलीची तक्रार केली, तर माझे सगळे वर्ग काढून घेऊन वाचनालयात बसवलं. मीही कामगार आयुक्तांकडे जाऊ का?

कोर्टवारी

सर, तुमचा रस्ता वेगळा आहे, या धाग्यातलं जसंच्या तसं उचलू नका. शिक्षक कामगार कायद्यातल्या व्याख्येत बसत नाही. तुम्हाला 1977 चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा लागतो. त्याच्या कलम 7 मध्ये राजीनामा कसा द्यायचा हे ठरवून दिलंय. दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टानं संस्थेला आणि दुसरी स्वतःजवळ. अध्यक्षांच्या बंगल्यावर बसवून लिहून घेतलेल्या राजीनाम्याला यामुळे अडचण येते. पण काढलं किंवा पदावनती केली तर शाळा न्यायाधिकरणात अपिलाला फक्त 30 दिवस असतात. तुम्ही स्वतंत्र धागा काढा, तिथं बोलू.

संत्राबाग

मी एका दाल मिलमध्ये अकाउंट बघतो, मालकाच्या बाजूचा नाही, पण दोन्हीकडचं दिसतं म्हणून लिहितोय. रात्रपाळी लावणं, खातं बदलणं हा व्यवस्थापनाचा अधिकार असतो. नेमणूक पत्रात लिहिलेलं असतं की कोणत्याही विभागात काम द्यावं लागेल. प्रत्येक कामबदलाला छळ म्हटलं तर कारखाना चालणार कसा? उद्या मालक म्हणेल की गोदामात माणूस कमी होता.

कोर्टवारी

रास्त प्रश्न आहे, आणि कोर्टही हाच विचारेल. अधिकार आहे हे मान्य. तो कशासाठी वापरला एवढंच बघायचं असतं. मी चार गोष्टी तपासते आणि त्या एकमेकींना धरून असाव्या लागतात. तक्रार मालकाला कळली आणि बदल झाला यात अंतर किती? इथं 19 आणि 21 जून, दोन दिवस. बदल एकट्यापुरता की सगळ्यांना? इथं पाळी बाकीच्यांची फिरते, यांचीच थांबली. 11 वर्षांत कधी सायडरला गोदामात पाठवलं होतं का? आणि त्यांच्या जागी रिंग फ्रेमवर कोण? गोदामात माणूस कमी म्हणून यांना हलवलं आणि फ्रेमवर नवा बदली कामगार घेतला असेल तर ते कारण तिथंच ढासळतं. ताई, हे विचारून घ्या.

यातलं सगळ्यात कच्चं जोडकाम पहिलं आहे. पीएफ ऑफिसचं पत्र 19 ला आलं हे टाइम ऑफिसच्या माणसानं तोंडी सांगितलंय. तो उद्या साक्षीला येणार नाही, त्यालाही पोट आहे. म्हणून पीएफ कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी 10 रुपये. माझ्या तक्रार क्रमांकावर आस्थापनेला पाठवलेल्या पत्राची प्रत आणि ते पोचल्याची तारीख द्या. 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं. तो एक कागद आला की मालकाला तक्रारीबद्दल माहीतच नव्हतं हा बचाव संपतो.

पळसफूल

विचारलं. त्यांच्या फ्रेमवर दोन बदली पोरं लावलीत, त्यातला एक 22 जूनपासूनच आला.

जुना_डॉफर

झालं मंग. हाच मुद्दा धरा. पाळीच्या तक्त्याचा फोटो काढून ठेवा, तो बोर्डावर लावतेत ना? दर सोमवारी काढा. आमच्या टायमाले मोबाईल नवते, नाहीतं माझी केस येगळी झाली असती.

वैनगंगा

मी गोंदियाजवळच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होते. डॉक्टरविरुद्ध तक्रार केल्यावर माझा असाच छळ झाला आणि मी रागाच्या भरात लिहून दिलं, की मला न्याय मिळत नसेल तर मला राजीनामा देण्याशिवाय पर्याय नाही. दुसऱ्याच दिवशी राजीनामा मंजूर म्हणून पत्र आलं. आता चार महिने झाले. माझं काही होऊ शकतं का?

कोर्टवारी

वैनगंगाताई, तुमचं वाक्य वाचून मला प्रभा अत्रींचा खटला आठवला. त्या अलाहाबादच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ होत्या. निलंबित केल्यावर त्यांनी लिहिलं होतं की माझं म्हणणं मान्य नसेल तर राजीनामा देण्यावाचून मार्ग नाही. व्यवस्थापनानं तो मंजूर केला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा राजीनामाच नाही. नोकरी सोडायचा स्पष्ट, बिनशर्त इरादा त्यात दिसत नाही, दुखावलेल्या माणसाचं ते बोलणं आहे. म्हणून तुमच्या पत्राचा शब्द न् शब्द महत्त्वाचा. मूळ प्रत हरवू नका.

चार महिने मात्र डाचतात. मंजुरीचं पत्र आल्यावर तुम्ही काही लिहिलंत? हिशेबाचे पैसे घेतले? दुसरीकडे लागलात?

वैनगंगा

काहीच लिहिलं नाही. पैसे घेतले, घरात गरज होती. आता दुसऱ्या दवाखान्यात अर्ध्या पगारावर आहे.

कोर्टवारी

यातल्या कशानंही दार पूर्ण बंद होत नाही, पण प्रत्येक गोष्ट दार थोडं लोटते. समोरचा वकील विचारेल, जबरदस्ती होती तर चार महिने गप्प का? पैसे निमूट का घेतले? म्हणून मी सगळ्यांना सांगते की दबावाखाली सही झालीच तर दोन दिवसांत लेखी कळवा की ती मनाविरुद्ध आहे आणि मागे घेत आहे. पैसे नाकारायची गरज नाही, गरीब माणूस नाकारणार कसे? पण पावतीवर हक्क राखून स्वीकारले असं स्वतःच्या हातानं लिहावं.

तुम्ही या आठवड्यात गोंदियाला कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्या. दुसरीकडे अर्ध्या पगारावर आहात हे लपवू नका. मागच्या पगाराच्या हिशेबात 2013 च्या दीपाली सुर्वसे निकालाप्रमाणे कामगारानं आधी आपण बेकार होतो किंवा कमी पगारावर होतो हे सांगायचं असतं, मग उलटं सिद्ध करणं मालकावर. खोटं सांगितलं तर तेच अंगाशी येतं. तुमची तक्रार कशाबद्दल होती ते इथं लिहू नका. छळाची असेल तर तिचा स्वतंत्र मार्ग आहे, मला निरोपात कळवा.

पुण्यातला_वऱ्हाडी

मॅडम, मी घाईत सांगितलं, पळसफूलवहिनींची माफी मागतो. पण एक शंका उरते. राजीनामा दिलाच नाही आणि काढलंही नाही, तर केस कशाची? काढण्याची केस काढल्यावरच होते ना?

कोर्टवारी

हा फार चांगला प्रश्न आहे. बाहेरच्या राज्यात उत्तर अवघड गेलं असतं. आपल्याकडे 1971 चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, कोर्टात सगळे त्याला पीयूएलपी म्हणतात. सूडानं काढणं ही त्यातली अनुचित प्रथा. 1995 मध्ये हिंदुस्तान लिव्हर विरुद्ध अशोक विष्णू काटे या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की काढायचा हुकूम निघेपर्यंत कामगारानं वाट बघायची गरज नाही, काढण्याची पावलं पडायला लागली की तक्रार करता येते. आणि या कायद्यात अंतरिम आदेश मागता येतो. आपल्याला हवा तो आदेश हाच, की निकाल लागेपर्यंत यांना कामावरून कमी करू नका.

अडचणही सांगते. सुडाच्या बदलीची वेगळी नोंद त्या कायद्यात आहे, पण ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बदलीची. जुन्या डॉफरकाकांना ती चपखल बसली असती. एकाच गिरणीतल्या फ्रेमवरून गोदामात हलवणं तीत ओढूनताणून बसतं. म्हणून मी ताईंच्या बाबतीत सगळा भर 8 जुलैच्या राजीनाम्याच्या कागदावर आणि गेटवर अडवण्यावर देईन, कारण काढण्याची पावलं तिथं उघड दिसतात. पाळी फिरवण्याबद्दल युनियनशी लेखी करार असेल तर तो मोडल्याची आणखी एक बाजू मिळते, पण ती औद्योगिक न्यायालयात जाते, काढण्याची कामगार न्यायालयात. ताई, युनियनकडे करार मागा.

मुदत 90 दिवस, प्रत्येक घटनेपासून. 21 जूनपासून धरले तर 19 सप्टेंबर. शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका.

संत्राबाग

पण 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि 1947 चा औद्योगिक विवाद कायदा गेला. मग पीयूएलपी तरी राहिला का? आमच्या सल्लागारांनी तर सांगितलं की आता सगळं संहितेतच.

कोर्टवारी

1947 चा केंद्राचा कायदा गेला हे खरं. तडजोड अधिकाऱ्यापुढे जायची मुदतही आता 2 वर्षांची आहे, आधी काढलेल्या कामगाराला 3 वर्षं मिळायची. पण संहितेनं रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत आपल्या राज्याच्या 1971 च्या कायद्याचं नाव नाही. दोन्हींचा मेळ कुठे बसतो आणि कुठे नाही यावर वकिलांत जोरदार वाद आहे. मालकाचे वकील पहिली हरकत हीच घेणार. माझं मत असं की कामगारानं या वादात अडकून 90 दिवस घालवू नयेत. तक्रार मुदतीत दाखल करावी आणि सोबत सहायक कामगार आयुक्तांकडेही वाद नोंदवावा, म्हणजे एक दार बंद निघालं तरी दुसरं उघडं राहील.

संत्राबाग

माझ्या मते दोन्हीकडे एकदम गेलं तर एकीकडे अडवतील. पण तुम्ही रोज कोर्टात आहात, मी फक्त आकडे बघतो.

कोर्टवारी

अडवतील असं म्हणणारे वकीलही आहेत. म्हणून दोन्ही अर्जांत काय मागायचं ते वेगळं ठेवायचं. कागद बघितल्याशिवाय यापुढे बोलणं बरोबर नाही.

पळसफूल

ताई, वकिलाची फी कुठून देणार? 2 आणि 3 जुलैचा पगारही कापलाय.

कोर्टवारी

तालुका विधी सेवा समितीकडे जा, ती न्यायालयाच्या आवारातच असते. 1987 च्या कायद्यात औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही मिळतो, पण इथं अर्जदार यजमान आहेत म्हणून कामगार म्हणूनच मागा. कामगार असल्याचा पुरावा म्हणून पगारपत्रक आणि गिरणीचं ओळखपत्र न्या.

आणि खोकल्यासाठी सरकारी दवाखान्यात दाखवा. ईएसआयचं कार्ड असेल तर तिथं. कुठल्या खात्यात काम करतात आणि कधीपासून, हे डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्या. केसपेपर फक्त न्यायालयासाठी म्हणून मी सांगत नाहीये. आधी छाती तपासायला हवी.

जुना_डॉफर

बाई, भाऊले तोंडाले दुपट्टा वल्ला करून बांधाले सांगा गोदामात. आन मास्क लेखी मागा गिरणीले. देल्ला तं चांगलं, नाही देल्ला तं तो बी कागद झाला.

पळसफूल (तीन आठवड्यांनंतर)

सगळ्यांना कळवते. दोन्ही पत्रं स्पीड पोस्टानं गेली, पोचपावत्या आल्या. मास्कचं पत्रही दिलं. त्यानंतर पंचिंग एकदाही बंद पडलं नाही. राजीनाम्याचं कोणी काही बोललं नाही, पण रात्रपाळी तशीच आहे आणि गोदामही तेच. पाळीच्या तक्त्याचे तीन सोमवारचे फोटो आहेत. तिन्हींत यांचं एकट्याचंच नाव रात्रीत आहे.

पासबुकात चार महिन्यांचे पैसे अचानक जमा दिसले, दहा महिने अजून कोरे आहेत. माहिती अधिकाराचं उत्तर काल आलं. पीएफ ऑफिसचं पत्र गिरणीला 18 जूनला पोचलं होतं, 19 ला नाही.

युनियनच्या सेक्रेटरीनं करार दाखवायला नकार दिला, म्हणाला साहेबांना विचारून सांगतो. विधी सेवा समितीनं वकील दिला आहे, तरुण मुलगा आहे, त्यानं कोर्टवारीताईंची सगळी उत्तरं मोबाईलवर वाचून घेतली. तक्रार दाखल झाली. अंतरिम आदेशाच्या अर्जावर पुढच्या गुरुवारी तारीख आहे. मालकाच्या वकिलानं नवीन संहितेचा मुद्दा घेतलाच आहे.

हे अजून रात्री अकराला सायकल काढून जातात. काल जाताना म्हणाले, तक्त्याचा सोमवारचा फोटो काढायची आठवण कर.

कोर्टवारी

18 जून तर 18 जून. तक्रारीत 19 लिहिलं असेल तर गुरुवारच्या आधी दुरुस्तीचा अर्ज द्यायला सांगा वकिलांना. आणि करार सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवलेला असेल तर प्रत तिथूनच मागा, सेक्रेटरीच्या मागे लागू नका.